मदत हवी आहे: आईच्या ग्रीन कार्डासाठी नातं सिद्ध करायचंय, माझा जन्मदाखला उशिरा नोंदवलेला

आजोळकर
मी अमेरिकेचा नागरिक. आई गावी, वय ७८. तिच्यासाठी नात्याचा आय-१३० अर्ज भरला. आता आणखी पुरावा मागणारं पत्र (आरएफई) आलंय, उत्तराला ८४ दिवस.

अडचण अशी. माझा जन्म १९६७ चा, पहिलं बाळंतपण म्हणून आईच्या माहेरी, घरातच सुईणीच्या हातून झालेला. तेव्हा ग्रामपंचायतीत कुणी नोंद केली नाही. गेल्या वर्षी आदेश घेऊन नोंद करवली, त्यामुळे दाखल्यावर नोंदणीची तारीख २०२४. पत्रात नेमकं त्यावरच बोट ठेवलंय. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख आणि वडिलांचं नाव आहे, आईचं कुठेच नाही. त्यात लग्नात आईचं नाव बदललं: माहेरची सुशीला, सासरी सुनंदा.

मुंजीपासूनचे फोटो भरपूर आहेत. ते पाठवू, की सरळ डीएनए करून टाकू?

पुण्याचा बंड्या
डीएनए कराच, वाद मिटेल. घरी किट मागवायचं, गालाच्या आतून कापूस फिरवायचा, रिपोर्ट जोडायचा. इथल्या लॅबही करतात.

मीनाताई, एडिसन
आम्ही सुनेच्या व्हिसाला लग्नाचे, हळदीचे, हनिमूनचे फोटो दिले होते, मागे तारखा लिहून. मुलाखतीत लगेच पास! तुम्हीही अल्बमच पाठवा.

तात्या_रेकॉर्डवाले
मीनाताई, नवरा-बायकोचं प्रकरण वेगळं. तिथे संसार खरा आहे का हे बघतात, म्हणून फोटोंना वजन. मुंजीच्या फोटोत मांडीवर घेऊन बसलेली बाई आईच आहे, की मावशी, हे फोटो सांगत नाही. जोडा चार-पाच, वेगवेगळ्या वयांतले, पण भिस्त त्यांच्यावर नको.

बंड्याची सूचना अर्धीच बरोबर. डीएनए चालतो, पण घरच्या किटचा रिपोर्ट कागदाच्या तुकड्याएवढाच. एएबीबी या संस्थेची मान्यता असलेली अमेरिकेतली लॅब तुम्ही निवडायची, ती किट थेट वकिलातीकडे पाठवते, आईचा नमुना त्यांच्या देखरेखीखाली घेतात, निकालही परस्पर जातो. तुमच्या हातात किट येतच नाही. ९९.५ टक्के किंवा जास्त आलं तर मातृत्व मान्य. हे ऐच्छिक असतं, खर्च तुमचा. पत्रात डीएनएचा पर्याय सुचवलाय का, ते आधी बघा.

आता मुख्य काम. आजोळच्या तालुक्याच्या तहसील कार्यालयात, अभिलेख कक्षात, कोतवाल बुकाची नक्कल मागा. गाव नमुना १४, जन्म-मृत्यूचं रजिस्टर. सासरच्या गावी शोधू नका, नोंद झाली तर बाळंतपण झालं तिथे. बाळाचं नाव बहुतेक नसतंच, ‘मुलगा’ एवढंच आणि बापाचं नाव. तरी घ्या. १९६७ ची नोंद २०२४ च्या दाखल्याशी जुळली की दाखल्याला पाठबळ मिळतं.

आजोळकर
पत्रात डीएनएचा पर्याय दिलाय. पण आईचं नाव कोतवाल बुकातही नसेल तर?

तात्या_रेकॉर्डवाले
मग जुने कागद काढा: रेशन कार्ड, आईच्या नावची विमा पॉलिसी किंवा बँक खातं, ज्यात वारस म्हणून तुमचं नाव ‘मुलगा’ असं आहे. तुमच्या जुन्या भारतीय पासपोर्टवर आईचं नाव आहे का, तेही बघा.

शिवाय दोन प्रतिज्ञापत्रं, जन्माची प्रत्यक्ष माहिती असणाऱ्यांची. आईचा थोरला भाऊ उत्तम. तुमच्यापेक्षा लहान मावशी असेल तर तिचं नको, तिने जन्म पाहिला कसा? त्यात स्वतःची जन्मतारीख, पत्ता, नातं आणि ‘मला हे कसं माहीत’ हे स्पष्ट हवं. ‘मी तेव्हा घरातच होतो, सुईणीला बोलवायला मीच गेलो होतो’ असं एक वाक्य नुसत्या ‘मी ओळखतो’ पेक्षा भारी. सुशीला आणि सुनंदा एकच, हेही मामांकडूनच लिहून घ्या.

मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. दोन्ही भाषा येणाऱ्या कुणीही करावं, खाली ‘भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे, मी ते करण्यास सक्षम आहे’ असं लिहून सही करावी. नोटरीची गरज नाही.

वकिलाची_बायको
एक भर. दाखला हातात असताना ‘नोंद उपलब्ध नाही’ असा दाखला मागायला जाऊ नका. दोन कागद एकमेकांविरुद्ध बोलतील.

आजोळकर
थोरले मामा ८४ चे आहेत, हात थरथरतो. अंगठा चालेल का? नाव बदलाचं राजपत्र कधी झालंच नाही, मामांच्या प्रतिज्ञापत्रावर ते निभेल का?

तात्या_रेकॉर्डवाले
अंगठा नोटरीसमोर आणि दोन साक्षीदारांपुढे घ्या. नावाचं सांगता येत नाही. प्रतिज्ञापत्राबरोबर लग्नपत्रिका किंवा माहेरच्या शाळेचा दाखला मिळाला तर बघा. डीएनए जमला तर नावाचा गुंता बराच सुटेल. म्हणून लॅबचं पत्र आताच मागवा, आईला मुंबईला न्यावं लागेल.

आजोळकर
आईला प्रवास झेपेल का, हे विचारून सांगतो. उद्या मामेभाऊ तहसिलात जातोय.