मदत हवी आहे: घरी सीसीटीव्ही दिसतो, बाहेर गेलं की फोनवर दिसत नाही

कोयनाकाठ
मंडळी लवकर मदत करा. गावच्या घरी चार कॅमेरे आहेत, दिवाळीत गेलो तेव्हा फोनवर मस्त दिसत होते, पुण्यात परत आलो तर काहीच येत नाही, नुसतं चाक फिरतं आणि मग connection failed. पोर्ट फॉरवर्डिंग केलंय, 8000 आणि 554 दोन्ही, व्हिडिओ बघून बघून केलंय, राउटर रीस्टार्टही करून झाला. आई-अण्णा गुरुवारी पहाटे कार्तिकीला पंढरपूरला निघतायत, चार दिवस घर बंद असणार, मागच्या बाजूला म्हशींचा गोठा आहे. त्याच्या आत चालू व्हायला हवं. काय राहिलंय?

सांगलीकर
डीव्हीआर कुठला? नेट कुणाचं? ॲपमध्ये काय टाकलंय? हे न सांगता कोण काय सांगणार भाऊ.

कोयनाकाठ
हिकव्हिजनचा ४ चॅनेल, ॲप Hik-Connect. नेट फायबर आहे, गावातल्या केबलवाल्याचं. ॲपमध्ये IP/Domain निवडून 192.168.1.64 टाकलं होतं ते घरी चाललं. इथे येऊन "what is my ip" वाला नंबर टाकला, निघताना लिहून आणला होता, 103 ने सुरू होतो. तो चालत नाही.

नेटवाला_बापू
साधी गोष्ट आहे. तुमचा आयपी बदलला असणार. घरगुती नेटला आयपी कायम एक राहत नाही, राउटर बंद-चालू केला की बदलतो आणि तुम्ही तर रीस्टार्ट केलाय. डीडीएनएस लावा. एक नाव घ्यायचं, राउटर स्वतःच नवा आयपी त्या नावाला कळवत राहतो, ॲपमध्ये आकड्याऐवजी नाव टाकायचं. मी २०१४ पासून दुकानाचे कॅमेरे असेच बघतोय, एकदाही अडलं नाही.

दुहेरी_गाठ
बापू, तुमचं बरोबर आहे पण ते एका अटीवर, राउटरला स्वतःचा खरा पब्लिक आयपी असेल तर. आधी तेच बघू.

कोयनाकाठ, घरी कुणाला राउटरचं पान उघडता येईल का? Status मध्ये WAN IP काय लिहिलंय तेवढंच हवंय. तुम्ही लिहून आणलेला 103 वाला आणि तो एकच आहे का, हे बघायचं. दोन वेगळे निघाले तर पोर्ट फॉरवर्डिंगवर आणखी एक मिनिटही घालवू नका.

द्राक्षबाग
माझाही हाच प्रॉब्लेम आहे. बागेत सिमकार्डवाला कॅमेरा आहे, सोलरवर, रात्री दोननंतर बंद पडतो, सकाळी आपोआप चालू होतो. पोर्ट उघडायला लागेल का?

सांगलीकर
बागवाले दादा, तुमची बॅटरी संपते रात्री. नवीन धागा काढा, इथे गोंधळ होईल.

कोयनाकाठ
शेजारच्या मुलाला पाठवलं. हे आलंय:

```
WAN IP   100.84.17.206
Gateway  100.84.0.1
```

म्हणजे 103 वाला नाहीच. हे काय प्रकरण?

दुहेरी_गाठ
वाटलंच होतं. 100 ने सुरू होणारा आणि दुसरा आकडा 64 ते 127 मध्ये असलेला पत्ता हा नेट देणाऱ्याच्या आतला पत्ता असतो. त्यासाठीच तो पट्टा २०१२ मध्ये राखून ठेवलाय. 103 वाला पब्लिक आयपी तुमच्या एकट्याचा नाही, गावातली कितीतरी घरं त्याच एका आयपीतून बाहेर पडतात. वाड्याला दिंडी दरवाजा एकच आणि आत पन्नास बिऱ्हाडं, असं समजा. तुम्ही तुमच्या खोलीचं दार उघडं ठेवलंय, पण बाहेरून आलेल्या माणसाला दिंडीवरच अडवतात, कारण कुठल्या खोलीत पाठवायचं हे तिथल्या माणसाला कुणी सांगितलेलंच नाही. तुमच्या राउटरवरचा नियम अगदी बरोबर असेल, पण तिथपर्यंत काही पोचतच नाही. याला सीजीनॅट म्हणतात.

आणि बापू, डीडीएनएस लावलं तरी ते नाव दिंडीपर्यंतच नेईल.

नेटवाला_बापू
मग स्टॅटिक आयपी घ्या ना त्या केबलवाल्याकडून. माझ्याकडे आहे, महिन्याला थोडे जास्त जातात पण डोक्याला ताप नाही.

दुहेरी_गाठ
मिळाला तर चालेल, पण लहान केबलवाल्यांकडे द्यायला पत्तेच नसतात बऱ्याचदा. आणि मिळाला तरी डीव्हीआर थेट इंटरनेटवर उघडा ठेवायला मी सांगणार नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने मूळ पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआरच जगभरातून गोळा केले होते. २०२१ मध्ये तर हिकव्हिजनच्या कितीतरी मॉडेलमध्ये पासवर्ड नसतानाही आत शिरता येईल असं भोक सापडलं, फर्मवेअर अपडेट करणं हाच उपाय होता. गावाकडे बसवलेला डीव्हीआर नंतर कोण अपडेट करतं?

नेटवाला_बापू
अकरा वर्षांत मला काही झालं नाही.

मुंबईची_माधुरी
आणि क्लाउडवर टाकलं की कंपनीच्या सर्व्हरवरून घरातलं सगळं जातं त्याचं काय? मी तर सरळ टेलस्केल लावलंय. घरी जुना लॅपटॉप कायम चालू, त्यावर घरच्या नेटवर्कचा रस्ता जाहीर केलाय, फोनवर तेच ॲप. सीजीनॅट असलं तरी चालतं, पोर्ट एकही उघडा नाही, आणि Hik-Connect मध्ये घरातला 192.168.1.64 च टाकायचा.

दुहेरी_गाठ
माधुरीताई, उपाय उत्तम आहे, मला स्वतःला तोच सगळ्यात आवडतो. पण यांच्या घरी चार दिवस कुणी नाही, लाईट गेली की लॅपटॉप परत कोण चालू करणार? गुरुवारपर्यंत क्लाउडच बरा.

कोयनाकाठ, पोर्ट फॉरवर्डिंगच्या नादी का लागलात? हिकमध्ये नुसता सिरीयल नंबर टाकून जोडता येतं. त्यात डीव्हीआर स्वतःहून बाहेर जाऊन कंपनीच्या सर्व्हरला फोन लावून धरून बसतो, आणि तुमचा मोबाइल त्याच सर्व्हरला विचारतो. आतून बाहेर जायला दिंडीवर कुणी अडवत नाही. ते केलं होतं का कधी?

कोयनाकाठ
अहो आधी तसंच होतं! दोन वर्षं पुण्यातून बघायचो, दुकानदाराने बसवताना करून दिलं होतं. गणपतीनंतर कधीतरी बंद पडलं, device offline यायला लागलं, म्हणून तर मी पोर्टच्या मागे लागलो.

सांगलीकर
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं राव. गणपतीनंतर काय बदललं?

कोयनाकाठ
जुनं ब्रॉडबँड काढून हे फायबर घेतलं. पण घरात तर दिसतंय ना, मग डीव्हीआरला नेट आहेच की.

दुहेरी_गाठ
नाही, इथेच गफलत होते. घरातला फोन आणि डीव्हीआर एकाच नेटवर्कवर आहेत, ते एकमेकांशी परस्पर बोलतात. बाहेर जायची वेळ आली की मगच डीव्हीआरला गेटवे लागतो. तुमच्या डीव्हीआरला आयपी हाताने दिलेला आहे, 64 हा हिकचा मूळचाच आकडा. मग गेटवेही तेव्हा हातानेच भरलेला असणार, जुन्या राउटरचा. नवीन राउटरचा पत्ता वेगळा असेल तर डीव्हीआर दोन महिने नसलेल्या दरवाजावर धडका मारतोय.

अण्णांना टीव्हीवर माउसने उघडायला सांगा: Configuration, Network. तिथलं सगळं जसंच्या तसं वाचून दाखवू देत. मग Platform Access मध्ये Status काय आहे तेही.

कोयनाकाठ
अर्धा तास लागला फोनवर, अण्णांना चष्मा सापडत नव्हता. हे घ्या:

```
IPv4 Address     192.168.1.64
Subnet Mask      255.255.255.0
Default Gateway  192.168.1.254
Preferred DNS    192.168.1.254
Status           Offline
```

नवीन राउटर 192.168.1.1 ने उघडतो. जुना 254 होता!!

दुहेरी_गाठ
सापडलं. गेटवे 192.168.1.1 करा. डीएनएसही बदला, नाहीतर सर्व्हरचं नाव शोधायला तो अजून जुन्या राउटरलाच विचारेल, तिथे 8.8.8.8 टाका. Apply करून दोन-तीन मिनिटं थांबा. DHCP ची खूण करू नका, 64 आहे तो राहू दे.

एक सांगतो, सीजीनॅट नसतं आणि स्टॅटिक आयपी विकत घेतला असता ना, तरी चाललं नसतं. बाहेरून विनंती डीव्हीआरपर्यंत आली असती, पण उत्तर पाठवायला तो जुन्याच गेटवेकडे गेला असता.

नेटवाला_बापू
हे मात्र खरं. गेटवे मी धरलाच नव्हता.

कोयनाकाठ
ONLINE आलं!!! पुण्यात मोबाइल डेटावर गोठा दिसतोय, म्हशी दिसल्या. आईला व्हिडिओ कॉल करून दाखवलं. सर्वांचे मनापासून आभार, दुहेरी_गाठ तुमचे विशेष.

दोन गोष्टी विचारतो. चित्र उघडायला सहा-सात सेकंद लागतात आणि चारही कॅमेरे HD वर ठेवले की अडकतात. आणि मी सिरीयल नंबरने नव्याने जोडायला गेलो तर म्हणतं की दुसऱ्या अकाउंटवर आधीच आहे. मला दिसतंय ते जुन्या शेअरमधून.

दुहेरी_गाठ
अडकण्याचं असं की, ॲप आधी फोन आणि डीव्हीआरची थेट गाठ घालायचा प्रयत्न करतं. तुमच्याकडे घरी सीजीनॅट, मोबाइल डेटावरही बहुतेक तसंच, मग थेट रस्ता नाही सापडला तर सगळं चित्र कंपनीच्या सर्व्हरवरून फिरून येतं. तिथे वेग मोजकाच मिळतो. चारही एकत्र बघताना सब स्ट्रीम ठेवा आणि एकच कॅमेरा मोठा केला की HD. तुम्हाला राखणच करायची आहे, त्याला एवढं पुरतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. दुसरं अकाउंट म्हणजे बसवणाऱ्या दुकानदाराचं. मालक तो आहे, तुम्ही पाहुणे. म्हणजे तुमचं अंगण त्यालाही दिसतं, आणि घर बंद आहे हेसुद्धा.

मुंबईची_माधुरी
बापरे. आमच्या सोसायटीतही असंच निघालं होतं, दोन वर्षं कुणाच्या लक्षात नाही.

कोयनाकाठ
हे डोक्यातच आलं नव्हतं. माणूस चांगला आहे, ओळखीतला आहे, पण तरी नको. त्याला फोन लावला तर तो लग्नाला गेलाय, म्हणतो सोमवारी काढतो. आपल्याला काढता येईल का?

सांगलीकर
माझ्याकडे निघालं होतं. फोन घरच्या वायफायवर असताना ॲपमधून अनबाइंड मारलं आणि डीव्हीआरचा admin पासवर्ड विचारला. जुन्या फर्मवेअरला तो पर्यायच येत नाही म्हणतात. शेजारच्या मुलाच्या फोनवर तुमचं अकाउंट टाकून बघा, झालं की लगेच लॉगआउट करायला लावा.

दुहेरी_गाठ
आणि त्याच फेरीत राउटरमधले 8000 आणि 554 चे नियम काढून टाका, उद्या केबलवाल्याने पब्लिक आयपी दिला तर ते आपोआप जिवंत होतील. admin पासवर्ड पण बदला. अनबाइंड नाहीच झालं तर सोमवारपर्यंत Platform Access बंद ठेवायचं की दुकानदारावर विश्वास ठेवायचा, हे तुम्हीच ठरवा. बंद केलं तर तुम्हालाही दिसणार नाही.

कोयनाकाठ
मुलगा क्लासवरून आठला येतो, तेव्हा करून बघतो आणि इथे कळवतो.

द्राक्षबाग
माझी बॅटरी १२ व्होल्टची, ७ एएचची आहे. ती कमी पडते का?