गट सिग्नलवर नेताना

> काही सदस्य व्हॉट्सअ‍ॅप सोडून सिग्नलवर यायला तयारच नाहीत, त्यांना कसे समजवावे?

माझ्या मते अशा सदस्यांना गोपनीयतेवर व्याख्यान देण्यापेक्षा, व्हॉट्सअ‍ॅप काढून टाकायचे नाही, केवळ हा एक गट हलवायचा आहे, हे आधी स्पष्ट सांगावे; बहुतेकांचा विरोध तेवढ्यानेच मावळतो. त्यानंतर सूचना एकदम न देता एकेका संदेशात एकच पायरी लिहावी: सिग्नल उतरवून घ्या, स्वतःचा मोबाइल क्रमांक टाका, एसएमएसने आलेला कोड भरा, पिन ठरवून कागदावर लिहून ठेवा आणि नाव भरा. गटाची लिंक मात्र नोंदणी झाल्याचे त्यांनी कळवल्यावरच पाठवावी, कारण अ‍ॅप नसताना लिंक दाबली तर गटाऐवजी ब्राउझरमध्ये अ‍ॅप घेण्यास सांगणारे पान उघडते आणि 'हे चालतच नाही' असा ग्रह होतो (तो पुसणे फार अवघड!). नव्या सदस्याला गटातील आधीचे संदेश दिसत नाहीत, हेही अगोदरच सांगावे.

बहुसंख्य सदस्य आले, की जुन्या गटाच्या वर्णनात लिंक ठेवून तेथे संदेश पाठवण्याची मुभा केवळ अ‍ॅडमिनना द्यावी. दोन्हीकडे चर्चा चालू राहिली, तर उरलेल्यांना हलण्याचे कारणच उरत नाही.