प्रतिसाद: माइकवर विचारण्याआधी सीटजवळ जा

>> "नमस्कार करून 'काही प्रश्न?' विचारलं की अख्खी बस गप्प बसते."

सहलीच्या बसवर गाइड म्हणून सुरुवातीला माझंही असंच व्हायचं. संभाजीनगरहून अजिंठ्याला जाताना, शंभर किलोमीटरच्या वाटेवर, मी आता बस सुटताच माइक धरत नाही. लोक तेव्हा पिशव्या लावत असतात. गाडी शहराबाहेर पडली की नाव, चहाचा थांबा, परतीची वेळ एवढंच सांगतो, अगदी दोन मिनिटांत.

मग माइक ठेवून सीटांमधून मागपर्यंत फिरतो. "कुठून आलात?" म्हटलं की मनातलं बाहेर येतं, आणि ते बहुधा चित्रांबद्दल नसतंच. एकदा एका आजींनी हळूच विचारलं, "पायऱ्या किती आहेत रे? गुडघे दुखतात." पुढे येऊन मी त्यांचं नाव न घेता तो प्रश्न माइकवर सांगितला. फर्दापूर फाट्यावर आपली बस सोडून दुसरी घ्यावी लागते, वर चढ आहे, डोली मिळते, हे सगळं सांगितलं. लगेच मागून दुसरा हात वर आला: "आत फोटो काढता येतात का?" येतात, पण फ्लॅश चालत नाही.

प्रश्न माइकवर पुन्हा सांगायला मात्र विसरू नका. मागच्यांना नुसतं उत्तर ऐकू आलं तर ते पुन्हा खिडकीबाहेर बघू लागतात.