निकाल जाहीर करताना: तुमचे अनुभव सांगा

पुण्यात गणपतीपासून जानेवारीपर्यंत स्पर्धा संपत नाहीत: समूहगान, वक्तृत्व, एकांकिका. शेवटी माईक हातात घेऊन निकाल सांगायचं काम कुणाला तरी करावंच लागतं. तुम्ही केलं असेल, किंवा समोर बसून ऐकलं असेल, तर लिहा. माझ्यापासून सुरुवात करते.

आंतरशालेय समूहगान, अकरा संघ, कोथरूडमधला हॉल. एकाच संस्थेच्या एकाच शाळेचे दोन संघ होते, सकाळ सत्र आणि दुपार सत्र. मी वाचलं, "द्वितीय क्रमांक..." आणि शाळेचं नाव घेऊन नेहमीच्या सवयीने थांबले. दोन्ही संघ किंचाळत उभे राहिले. मग मी म्हटलं, "दुपार सत्र." सकाळच्या चौदा मुली उभ्याच होत्या. एकीने शेजारणीचा हात धरून तिला खाली बसवलं, मग एकेक करत सगळ्या बसल्या. नंतर त्या मुलींपाशी जाऊन मी माफी मागितली. तेव्हापासून वेगळेपण सांगणारा शब्द आधी घेते: "दुपार सत्र," मग शाळा. थांबायचं ते नावाच्या आधी. नाव सुरू झालं की एका श्वासात पूर्ण करायचं.

रंगमंचामागचा
वीस वर्षं संयोजन करतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. संघ क्रमांक आधी घ्या. "संघ क्रमांक सात" म्हटलं की सातच्या मुलांना एक क्षण आधी कळतं, बाकीचे आपोआप सावरतात, मग नाव. शांतता तीन-चार सेकंदांची पुरे. त्यापुढे मागच्या रांगांतून ओरडा सुरू होतो आणि नाव त्यात बुडतं.

निकाल फुटतो तो चिठ्ठीतून नव्हे. फोटोग्राफर आधीच एका संघाजवळ जाऊन उभा राहतो, किंवा कुणीतरी त्यांना "पुढे येऊन बसा" सांगतं. त्यामुळे मी सगळ्याच संघांना जागेवर बसवतो आणि करंडकावरचं कापड शेवटपर्यंत काढत नाही. चिठ्ठी परीक्षकांसमोर एकदा मोठ्याने वाचून घेतो. दोघांनी केलेल्या बेरजा जुळल्या नाहीत, तर निकाल दहा मिनिटं उशिरा लागला तरी चालेल.

हरलेल्यांसाठी म्हणाल, तर परीक्षकांकडून गुण देतानाच प्रत्येक संघाबद्दल एक ओळ लिहून घेतो. "संघ चार: दुसऱ्या कडव्यात तबला थांबला, तरी एकानेही सूर सोडला नाही." निकालाआधी सगळ्या संघांच्या ओळी वाचतो, संघ क्रमांकाच्याच क्रमाने. निकालानंतर वाचल्या तर कुणी ऐकत नाही, आणि फक्त न जिंकलेल्यांच्या वाचल्या तर त्याच क्षणी निकाल कळतो.

निळी_छत्री
सोपं आहे. वैयक्तिक बक्षिसं आधी, सांघिक शेवटी, आणि सांघिकमध्ये उत्तेजनार्थपासून वर. उत्सुकता टिकतेच.

रंगमंचामागचा
क्रम बरोबर आहे, पण "टिकतेच" असं नाही. दिग्दर्शन, अभिनय, लेखन तिन्ही एकाच संघाला गेली की पहिला कोण ते हॉलला कळून चुकतं. अशा वेळी मी वैयक्तिक बक्षिसं भराभर उरकतो आणि ताणायला जात नाही. उगीच ताणलं तर बाकीच्यांना तो छळ वाटतो.

आईची_वही
मी निवेदक नाही, माझी मुलगी वक्तृत्वाला होती. घरी आल्यावर तिला काय सांगायचं, ते कुणी सांगाल का? मंचावरच्या ताई म्हणाल्या, "ज्यांना बक्षीस मिळालं नाही त्यांनी खचू नका, पुढच्या वर्षी नक्की या." स्पर्धा आठवी ते दहावीची. माझी दहावीत. गाडीवर मागे बसून म्हणाली, "आई, मला पुढचं वर्षच नाहीये." सिंहगड रोडभर एक शब्द बोलली नाही.

धागाकर्ती
ताई, हे मी शंभरदा म्हटलं असेन. वयोगटाची अट असते तिथे आता ते वाक्य म्हणणार नाही. तिचा विषय काय होता?

आईची_वही
"आजीची भाषा." शेवट तिने स्वतः लिहिला होता.

भरतची_मागची_रांग
2022 साली पुरुषोत्तमच्या अंतिम फेरीत परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. हॉलमध्ये "आव्वाज कुणाचा"च्या तयारीत बसलेल्या मुलांना हे कसं सांगायचं? मला वाटतं, तिथे एक सेकंदही थांबू नये. सरळ सांगावं, आणि कारण परीक्षकांनीच द्यावं.

रंगमंचामागचा
थांबू नये, मान्य. पण कारण त्याच मंचावर, पालक आणि कॅमेऱ्यांसमोर द्यावं का? मी संघांना नंतर एकेक करून बोलावलं असतं.

भरतची_मागची_रांग
मग बाकीचा हॉल काय समजून घरी जाईल? मला हे पटत नाही.

धागाकर्ती
यावर अजून कुणाचा अनुभव असेल तर लिहा. आणि आईची_वही, तो शेवट मुलीची हरकत नसेल तर इथे टाकाल का? त्या दिवशी तिचं भाषण मी ऐकलं नाही.