एससीआरचं बटण सोडलं तरी बल्ब विझत नाही, मदत हवी आहे

डिप्लोमा_तिसरं_सेम: उद्या ओरल आहे. गेटला बटणाने पल्स दिला की बल्ब लागतो, बटण सोडलं तरी चालूच. दुसरा एससीआर लावला, तेच. वहीत "लॅच होतो" एवढंच आहे. गेटचा करंट शून्य, मग चालतो कशाच्या जोरावर?

पंखेवाले_काका: शॉर्ट झालाय. डुप्लिकेट माल फार आलाय बाजारात.

डिप्लोमा_तिसरं_सेम: काका, बटण दाबेपर्यंत बल्ब बंद असतो. शॉर्ट असता तर सप्लाय देताच लागला असता ना?

सोल्डरगन: एसी की डीसी? बल्ब केवढा? नंबर काय?

डिप्लोमा_तिसरं_सेम: १२ व्होल्ट डीसी अडॅप्टर, गाडीचा ५ वॅटचा बल्ब, बीटी १५१.

टॉपर_२०१९: गेटमध्ये चार्ज साठतो. गेट कॅथोडला जोड, बंद होईल.

डिप्लोमा_तिसरं_सेम: जोडलं वायरने. बल्ब ढिम्म.

सोल्डरगन: नाहीच होणार. गेटवरून बंद होतो तो जीटीओ, तो वेगळा. यात एक पीएनपी आणि एक एनपीएन एकमेकांत गुंतलेत असं समज. एनपीएन चालू झाला की पीएनपीच्या बेसमधून करंट ओढतो, आणि पीएनपीचा कलेक्टर एनपीएनच्या बेसला करंट देतो. गेटने फक्त सुरुवात करून दिली. पुढे बेसचा करंट बल्बच्याच करंटमधून मिळतो. तुझ्या बल्बमधून सुमारे ४०० मिलिअँपिअर जातात, डेटाशीटप्रमाणे टिकून राहायला फार तर २० लागतात.

आता बल्बच्या जागी एलईडी आणि ४.७ के लाव. मग बल्ब परत जोड, एलईडी त्याला पॅरलल.

मोटर_रिवाइंडिंग: म्हणजे आमचा डीओएल स्टार्टरच की. हिरवं बटण सोडलं तरी होल्डिंगच्या पट्टीवर कॉइल टिकते.

टॉपर_२०१९: त्यात लाल बटण असतं. इथे कुठंय?

डिप्लोमा_तिसरं_सेम: करून पाहिलं! नुसता एलईडी बटण सोडताच विझतो. बल्बसोबत दोन्ही चालू राहतात, आणि बल्ब उपसला की एलईडीही जातो. म्हणजे त्याला बल्बचा करंटच धरून ठेवत होता. पण ४.७ च्या जागी १ के लावला तर एका एससीआरवर एलईडी टिकतो, दुसऱ्यावर नाही. नंबर एकच.

सोल्डरगन: ९ मिलिअँपिअरच्या आसपास असशील. २० हा कमालीचा आकडा, प्रत्येक नग वेगळा. गरम झाला की आणखी कमी करंटवर टिकतो. आणि लाल बटण हवं असेल तर अ‍ॅनोड-कॅथोडमध्ये पुशबटण लाव. दाबलं की बल्ब लागलेलाच राहील, सोडल्यावर विझेल. का, ते ओरलला विचारतात.

डिप्लोमा_तिसरं_सेम: दाबल्यावर करंट बटणातून जातो, एससीआर उपाशी?

सोल्डरगन: हो.

टॉपर_२०१९: आमच्या सरांनी चार्जच सांगितलं होतं.

पंखेवाले_काका: एसीवर तर शून्यावर आपोआप बंद होतो म्हणतात. मग माझा रेग्युलेटर एक नंबरवर गुणगुणतो तो का?