शब्दचर्चा: सुबोध, सुगम की बाळबोध? इंग्रजी बेताचं असलेल्या गिऱ्हाइकाला मेल

पारसिक
तुर्भ्याहून यंत्रांचे सुटे भाग व्हिएतनामला जातात. तिकडच्या खरेदी विभागातल्या बाईंचं इंग्रजी बेताचं आहे, पण मेल त्याच वाचतात आणि एलसीसाठी, म्हणजे त्यांच्या बँकेनं द्यायच्या पैशांच्या हमीपत्रासाठी, त्याच बँकेत धावतात. आमच्याकडून गेलेला मेल असा होता:

«काइंडली नोट दॅट द शिपमेंट, विच वॉज स्लेटेड टू गो आउट ऑन ०५/०६, हॅज बीन पुट ऑन होल्ड पेंडिंग रिसीट ऑफ द अमेंडेड एलसी. शुड द सेम नॉट रीच अस बाय फ्रायडे, वी शॅल बी कन्स्ट्रेन्ड टू रोल ओव्हर द कार्गो टू द नेक्स्ट व्हेसल. काइंडली रिव्हर्ट अँड डू द नीडफुल.»

उत्तर आलं: «व्हाय रिटर्न कार्गो?» हा मेल सोपा करून लिहायचा आहे. वरून मात्र अट आलीय की 'बाळबोध नको, कंपनीची पत जाते'. म्हणून प्रश्न दोन. मेल कसा लिहावा, आणि सोप्या पण भारदस्त लिखाणाला मराठीत एक नेमका शब्द कोणता?

कळवा_नाका
सोपं आहे. एका वाक्यात आठ शब्द, बस्स. 'द', 'अ', 'दॅट' उडवा, नाहीतरी त्यांच्या भाषेत ते नसतात. «एलसी नॉट रिसीव्ड. सेंड एलसी बिफोर फ्रायडे. देन वी शिप.» झालं काम.

घोडबंदर
अगदी खरं! आमच्या सोसायटीत हाच घोळ. 'सर्व सभासदांनी नोंद घ्यावी की सदर दिवशी पाणीपुरवठा खंडित राहील' असं लिहितात, वॉचमन आणि घरकामाच्या बायकांना काही कळत नाही. 'गुरुवारी सकाळी ९ ते संध्याकाळी ६ पाणी येणार नाही, बुधवारी रात्री भरून ठेवा' असं सरळ लिहायला काय होतं? 'सदर' आणि 'खंडित' वर बंदीच घाला.

पारसिक
@घोडबंदर, तुमची नोटीस मराठीतली, माझा प्रश्न इंग्रजी मेलचा आहे. पण 'बुधवारी रात्री भरून ठेवा' हे मोलाचं. मूळ नोटिशीत वाचणाऱ्यानं काय करायचं तेच नव्हतं. आमच्या मेलमध्येही नाहीये.

मासुंदा
आधी गैरसमज नेमका कुठे झाला ते पाहू. 'रिव्हर्ट'चा कोशातला अर्थ पूर्वीच्या स्थितीला परत जाणं. 'उत्तर द्या' हा अर्थ आपल्याकडच्या कचेऱ्यांमधला. त्याच्या शेजारी 'रोल ओव्हर द कार्गो' आणि 'पुट ऑन होल्ड' बसले. बाईंनी दोन्ही जोडून 'माल परत नेताय' असा अर्थ लावला, आणि तो अगदी तर्काला धरून आहे. 'प्रीपोन' आणि 'डू द नीडफुल' त्याच घरातले. ठाणे-बेलापूर रोडवर चालतात, हनोईत चालत नाहीत.

बाकीच्या अडचणी वाक्याच्या ठेवणीत आहेत. 'शुड द सेम नॉट रीच अस' यात 'इफ' दिसतच नाही, त्यामुळे ही अट आहे हे उमगायला इंग्रजी चांगलंच मुरलेलं लागतं. 'द सेम' म्हणजे काय, शिपमेंट की एलसी? '०५/०६' हे ५ जून की ६ मे, तेही देशागणिक बदलतं. महिन्याचं नाव अक्षरांत लिहिलं की ती शंकाच मिटते.

आता @कळवा_नाका यांच्या मुद्द्याकडे. वाक्य लहान हवं हे बरोबर. पण 'द' आणि 'दॅट' उडवणं चुकीचं. विमानांच्या देखभालीच्या पुस्तिकांसाठी एएसडी-एसटीई१०० नावाचं नियंत्रित इंग्रजी वापरतात. त्यात कृतीच्या वाक्याला २० शब्दांची आणि वर्णनाच्या वाक्याला २५ शब्दांची मर्यादा आहे, आणि वाक्य आखूड करण्यासाठी शब्द गाळू नका असा नियमही आहे. कारण सरळ आहे. «सेंड एलसी» वाचल्यावर कोणती एलसी, जुनी की सुधारलेली? तो 'द' म्हणजे कमकुवत वाचकाच्या हातातली काठी. भाषांतराचं सॉफ्टवेअरही तुटक वाक्यावरच जास्त अडखळतं.

आणि 'बिफोर फ्रायडे' म्हटलं की शुक्रवार गेला. गुरुवारीच मुदत संपली. मूळ मजकुरात शुक्रवार धरलेला होता.

कळवा_नाका
शुक्रवारचं मान्य. पण मग पोरकट होतं ते कशानं? लहान लहान वाक्यं एकापुढे एक आली की पहिलीचं पुस्तक वाचल्यासारखं वाटतंच की.

मासुंदा
वाक्याच्या लांबीनं नाही होत. पोरकटपणा दोन वाटांनी शिरतो. पहिली वाट, वाचकाला जे येतं तेच समजावणं. या बाईंचं इंग्रजी बेताचं आहे, धंद्याचं ज्ञान नाही. 'एलसी', 'अमेंडमेंट', 'व्हेसल', 'लेटेस्ट डेट ऑफ शिपमेंट' हे शब्द त्यांच्या रोजच्या कागदांवर छापलेले असतात. 'एलसी' काढून «द पेपर फ्रॉम युअर बँक» लिहिलंत तर त्यांचा अपमानही होतो आणि घोटाळाही. अवघड शब्द गाळायचे ते 'स्लेटेड', 'कन्स्ट्रेन्ड', 'पेंडिंग' यांसारखे, म्हणजे ज्यांच्याशिवाय काम अडत नाही असे.

दुसरी वाट म्हणजे कारण गाळणं. «वी कॅनॉट शिप.» एवढंच लिहिलं तर शिक्षकानं मुलाला दटावल्यासारखं वाटतं. त्याला 'बिकॉज' जोडून कारण दिलं की तेच वाक्य मोठ्या माणसानं मोठ्या माणसाला लिहिलेलं होतं. म्हणून 'बिकॉज' आणि 'इफ' यांनी जोडलेली दोन-तीन वाक्यं ठेवायचीच. सगळी वाक्यं सारख्याच मापाची करू नयेत.

मसुदा असा:

«द गुड्स फॉर ऑर्डर ४४७१ आर रेडी. वी प्लॅन्ड टू शिप देम ऑन ५ जून. वी कॅनॉट शिप देम येट, बिकॉज द एलसी अलाउज शिपमेंट ओन्ली अंटिल ३१ मे.

प्लीज आस्क युअर बँक टू अमेंड द एलसी. न्यू लेटेस्ट डेट ऑफ शिपमेंट: २० जून.

अवर बँक मस्ट रिसीव्ह द अमेंडमेंट बाय ५ पीएम हनोई टाइम ऑन फ्रायडे, ३० मे. इफ इट कम्स लेटर, द गुड्स विल गो ऑन द नेक्स्ट व्हेसल, ऑन १२ जून.

प्लीज रिप्लाय टुडे. टेल अस व्हेन युअर बँक विल सेंड द अमेंडमेंट.»

वेळ हनोईची दिली आहे. तिथे पाच वाजतात तेव्हा इथे साडेतीन झालेले असतात, तो हिशेब आपण करायचा. आणि ३१ मे, २० जून या तारखा पारसिक यांच्या मूळ मेलमध्ये नव्हत्याच, मी नमुन्यादाखल घातल्यात. 'अमेंडेड एलसी' म्हणजे नेमकं काय बदलून हवंय हे तिथे कुठेच लिहिलेलं नव्हतं. लांब वाक्यात असली भोकं झाकली जातात.

पारसिक
एलसीत ३१ मेच आहे, अंदाज बरोबर. आणि बदल काय हवाय ते आम्ही आधी फोनवर सांगितलं होतं, म्हणून मेलमध्ये आलं नाही. फोन वेगळ्याच माणसाला गेला होता, हे आत्ता लक्षात येतंय.

हुंडी_पेठ
भाषेत मी पडत नाही, पण कागदात एक उणीव आहे. नुसती शिपमेंटची तारीख पुढे ढकलून चालत नाही, एलसीची मुदतही पाहा. एलसीत वेगळं काही लिहिलेलं नसेल तर माल चढल्यापासून २१ दिवसांत कागद बँकेत द्यायचे असतात, आणि तेही एलसीची मुदत संपायच्या आत. २० जूनला माल चढला तर ११ जुलै येते. म्हणून दुसरी ओळ घाला: «न्यू एक्सपायरी डेट: ११ जुलै.» नाहीतर पंधरा दिवसांनी दुसरी अमेंडमेंट, दुसरं शुल्क, आणि पुन्हा एक मेल सोपा करत बसा.

शिवाय 'युअर बँक' लिहिलंत ते छान. अमेंडमेंट गिऱ्हाइकाची बँक काढते, गिऱ्हाईक स्वतः पाठवत नाही. «सेंड एलसी» वाचून लोक खरंच जुन्या एलसीची पीडीएफ मेलवर पाठवून मोकळे होतात.

शब्दवेडी
शब्दाचं राहिलंच. 'बाळबोध' या बिचाऱ्यावर अन्याय होतो. मोडीच्या काळात देवनागरी वळणाला बाळबोध म्हणत, आणि 'बाळबोध घराणं' म्हटलं तर साधं, सरळ, जुन्या वळणाचं. उथळ किंवा पोरकट हा अर्थ मागाहून चिकटला. तुमच्या वरिष्ठांना म्हणायचंय ते 'बालिश'.

सोप्या पण भारदस्त लिखाणाला आपल्याकडे तयार शब्द आहे: प्रसादगुण. ओज, माधुर्य आणि प्रसाद या तीन काव्यगुणांपैकी प्रसाद म्हणजे वाचता क्षणी अर्थ मनात उतरणं. कोरड्या लाकडाला आग लागावी तसा, अशी उपमा देतात.

घोडबंदर
सोसायटीच्या नोटिशीत प्रसाद म्हटलं की लोक सत्यनारायण समजतील.

शब्दवेडी
ती अडचण आहेच. 'प्रासादिक' म्हटलं तरी लोकांना अभंग आठवतात. कचेरीसाठी 'सुबोध' बरा. 'सुगम' म्हटलं की पुढे 'संगीत' आपोआप येतं.

कळवा_नाका
'सुबोध' हे मुलाचं नाव वाटतं. 'साधं' का नको? 'साधं इंग्रजी'.

मासुंदा
'साधं' मला चालेल, पण त्यात कमीपणाची छटा आहे, साधा डबा आणि एसी डबा यातली. नावापेक्षा कसोटी महत्त्वाची. हाच मेल न बदलता इंग्रजी उत्तम असलेल्या गिऱ्हाइकाला पाठवता येईल का? वरचा मसुदा सिंगापूरच्या माणसाला गेला तरी त्याला वावगं वाटणार नाही. मनात 'यांच्यासाठी वेगळा आणि त्यांच्यासाठी वेगळा' आलं तर कुठेतरी बालिश झालंय.

दुसरी तपासणी सॉफ्टवेअरची. मजकूर व्हिएतनामीत करून परत इंग्रजीत आणा आणि तीनच गोष्टी पाहा: कोण करणार, कधीपर्यंत, आणि 'नॉट' जागेवर आहे का. यावर फार विसंबू नका. जाताना झालेली चूक येताना कधीकधी झाकली जाते.

पारसिक
'मस्ट' वर इथे वाद झालाय. वरिष्ठ म्हणतात, गिऱ्हाइकाला 'मस्ट' लिहायचं नाही, 'शुड' लिहा.

मासुंदा
'शुड' लिहिलं तर तो सल्ला की अट, हे बाईंना कळणार नाही. मसुद्यात 'मस्ट' बँकेला लावलाय, बाईंना नाही. बाईंसाठी सगळीकडे 'प्लीज' आहे.

हुंडी_पेठ
तरीही गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. मी असतो तर «वी नीड टू रिसीव्ह» लिहिलं असतं.

मासुंदा
मग पैसे तुम्हाला मिळणार असल्यासारखं वाचलं जाईल. अमेंडमेंट आपल्या बँकेत पोचायची आहे.

हुंडी_पेठ
«अवर बँक नीड्स टू रिसीव्ह» घ्या मग.

पारसिक
'नीड्स' ठेवून पाठवतोय, एक्सपायरीची ओळ घालून. वरिष्ठांनी 'काइंडली' परत घातलंय, एकदाच.