प्रमोशननंतर "दोन शब्द बोला" म्हटल्यावर तुम्ही काय बोललात? (अनुभव धागा)

मुक्काम_चाकण: शुक्रवारी चारच्या चहाला मला पुष्पगुच्छ देणारेत, स्टोअर्सचा इनचार्ज झालो म्हणून. मग "दोन शब्द". लिहून काढलं, पाठ केलं, बायकोला म्हणून दाखवलं तर ती म्हणे मंडळाचे अध्यक्ष बक्षीस वाटताना बोलतात तसं वाटतंय. सुरुवातच "आज या ठिकाणी सांगताना मला अत्यंत आनंद होत आहे की" अशी होती, त्यामुळे तिला काय बोलणार. टीममध्ये नऊ जण आहेत. तुमचं काय जमलं, काय फसलं ते सांगा.

निवांत_नाना: काही तयारी करू नका हो. मनातून येतं तेच खरं. मी तसाच उभा राहिलो, लोक हसले, टाळ्या पडल्या, पंचवीस मिनिटं कशी गेली कळलं नाही. समोसे गार झाले म्हणून अजून चिडवतात, पण प्रेमाने.

काउंटर_नंबर_तीन: नाना, टाळ्या समोसे सुटले म्हणून पडल्या असतील 😄 तयारी करायची, फक्त पाठ करायचं नाही. मी बँकेत आहे, दोनदा बोललेय. पहिल्यांदा चौदा जणांची नावं घेतली, आणि प्रत्येकापुढे तेच "यांचं मोलाचं सहकार्य". तेरा झाली आणि चौदावं आठवेना. ती बाई समोरच उभी, हातात माझ्याच केकची प्लेट. पुढे महिनाभर माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली.

दुसऱ्यांदा एकही यादी नाही. ३१ मार्चच्या रात्रीचा एकच प्रसंग सांगितला. साडेदहा वाजले तरी कॅश जुळत नव्हती, सहाशे रुपयांचा फरक, आणि आमच्या शिपाईकाकांनी सगळ्यांना उठवून आधी जेवायला बसवलं. जेवून आल्यावर पाच मिनिटांत सापडलं, एका व्हाउचरवर ९३० चे ३३० वाचले होते. एवढंच सांगितलं आणि म्हटलं, "काका, त्या दिवशी तुम्ही जेवायला घातलं नसतं तर मी रडले असते. तुम्हा सगळ्यांबरोबर अशा बऱ्याच रात्री काढल्यात, त्याचं हे प्रमोशन आहे. थँक्यू. चला, केक खा." दीड मिनिट पण झालं नसेल.

पहिलं आणि शेवटचं वाक्य तेवढं पक्कं ठरवा, कारण जीभ अडखळते ती सुरुवातीला, आणि शेवट ठरलेला नसला की माणूस "अजून एक सांगायचं म्हणजे" करत बसतो. मधला प्रसंग घडलेला असतो, तो पाठ कशाला करायचा? मी तळहातावर तीन शब्द लिहिले होते: सहाशे, काका, केक.

गिअरबॉक्स: प्रसंगाचं बरोबर आहे पण जपून. मी असाच किस्सा सांगितला, की चुकीचा माल ट्रकमध्ये भरला गेला होता आणि आमच्या पोराने रात्री एक वाजता गाडी टोलनाक्यावर थांबवून परत आणली. कौतुक करायला गेलो आणि मागे बसलेले मोठे साहेब म्हणाले, "कधी झालं हे? भरला कोणी?" भरणारा पण तिथेच उभा होता. तेव्हापासून ज्याचा किस्सा त्याला आदल्या दिवशी विचारतो, सांगू का म्हणून. सरप्राइज जातं, जाऊ दे.

सोनचाफा: माझं पण प्रमोशन झालंय, पण भाषण नाही, डायरेक्ट पार्टी मागतायत. बावीस जण आहेत. मिसळ चालेल का हॉटेलच न्यावं लागेल?

निवांत_नाना: मिसळ. आणि भाषण करूच नका मग.

पडद्यामागची: मी दुसऱ्या बाजूने सांगते. त्याच पोस्टसाठी मी पण इंटरव्ह्यू दिला होता, झालं त्याचं. बोलताना तो म्हणाला, "खरं तर ही जागा हिचीच होती." सगळे माझ्याकडे बघायला लागले, मला हसावं लागलं. चांगल्या मनानेच बोलला असेल, पण ते मला केबिनमध्ये सांगायचं ना.

काउंटर_नंबर_तीन: हे मात्र मला पटत नाही पूर्ण. काहीच नाही बोललं तरी "बघा, नाव पण घेतलं नाही" होतंच की. तिचं एखादं काम सांगावं, जागेचा विषय काढू नये.

पडद्यामागची: त्या दिवशी मला तेही नको होतं. दुसऱ्या कोणाला चालेल कदाचित.

मुक्काम_चाकण: झालं एकदाचं. स्टॉकटेकिंगला रॅकखाली घुसून बेअरिंगचे खोके शोधणाऱ्या आमच्या हेल्परचा किस्सा घेतला, गुरुवारीच त्याला विचारून. तो म्हणाला, सांगा, पण पँट फाटली ते नको. हातावरची शाई घामाने पुसली, "खोके" तेवढं राहिलं होतं. पॅकिंगवाले मध्येच ओरडले, "पँटचं सांगा!" मी काही बोललो नाही, तोच उठून सांगायला लागला. माझं शेवटचं ठरवलेलं वाक्य राहूनच गेलं.